गोष्टीतला ‘म्हणून’

‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न मी दुसरीच्या वर्गात विचारत नाही. विचारला की पस्तीस मुलं एका सुरात सांगतात, ‘सगळ्यांना मदत करावी.’ गोष्ट कोणतीही असो. त्यातून कोणाला काय कळलं, हे मला कळत नाही.

गोष्टीतून शिकवणं आपल्याकडे जुनंच आहे. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीच्या वर्गाला गोष्टींनीच जिंकतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे दादरला शिशुविहार सुरू केलं. पण आता माझ्या टाचणवहीत गोष्टीसमोर ‘अध्ययन निष्पत्ती’ लिहावी लागते, म्हणजे तासानंतर मुलाला नेमकं काय करता आलं पाहिजे ते. म्हणून मी आधी निष्पत्ती ठरवते, मग गोष्ट.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीचं दार ठोठावतो. ती बाळाला न्हाऊ घालते, पुसते, काजळ लावते, झोपवते. दार काही उघडत नाही. ‘घटना क्रमाने सांगता येणं’ यासाठी ही गोष्ट उत्तम, कारण या क्रमाला कारण आहे. न्हाऊ घालण्याआधी काजळ लावलं तर ते धुऊन जाईल. एखाद्याने उलटं सांगितलं की शेजारचाच हसतो आणि तो स्वतः सुधारतो.

‘कारण देऊन मत मांडणं’ हवं असेल, तर दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट दाराशी थांबवते. विचारते, ‘उघडावं का?’ मग शेवट सांगायची घाई करत नाही. लालबागच्या चाळीतली एक मुलगी म्हणाली, ‘आमची खोली एवढीशी आहे, म्हणून आधी आईला विचारावं लागेल. पण तो भिजतोय, म्हणून तोवर पॅसेजमध्ये थांबू द्यावं.’

मी ऐकते ते हे ‘म्हणून’ आणि ‘पण’. सुरुवातीला बहुतेकांच्या सांगण्यात फक्त ‘आणि मग, आणि मग’ असतं. ‘म्हणून’ आला की कारण जोडायला लागलंय, आणि ‘पण’ आला की दुसरी बाजूही दिसायला लागलीय. दिवसाला पाच-सहा मुलांचंच नीट ऐकून होतं, म्हणून वहीत पाळी लावली आहे. नाहीतर तेच चार बोलके हात वर येतात आणि वाटतं, वर्गाला जमलं.

एका तासाला एकच निष्पत्ती. क्रम, मत, नवे शब्द, सगळं एकाच दिवशी काढायला गेलं की मुलं प्रश्नांनाच कंटाळतात.

आणि गोष्टीने सगळंच साधत नाही. ती मुलगी इतकं छान बोलते, तरी जोडाक्षराशी अजून अडखळते. त्यासाठी वाचनाचा तास वेगळाच घ्यावा लागतो.