गॅलरीत न दिसणारी नाटकं

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मालवणातल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात रापण लागल्यासारखी गर्दी होते. बोटी पाण्यात उतरायच्या असतात. किनारा मागे पडला की रेंज जाते, म्हणून प्रत्येकाला फोन भरून न्यायचा असतो: दशावतार, डबलबारीची भजनं, गाणी. आणि नेमका तेव्हाच फोन 'जागा नाही' म्हणून सांगतो.

यंदा सर्जेकोटचे एक तांडेल आले. "फोटो सगळे उडवलंय, तरी फोन म्हणता जागा नाय." उडवलेल्या फोटोंत मुलीच्या लग्नाचेही होते. मी आधी गूगल फोटोजची कचरापेटी उघडली. बॅकअप न घेतलेले फोटो तिथे ३० दिवस राहतात, बॅकअप घेतलेले ६० दिवस. सगळे तिथेच होते, परत आणले. फोटो पेटीत असेपर्यंत फोनमधली जागा अडूनच राहते, म्हणून त्यांना फरक दिसला नव्हता. त्यांनी ती पेटीही रिकामी केली असती तर लग्न हातचं गेलं असतं. जागेसाठी फोटोंवर पहिला हात टाकणारी माणसं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, कारण नाटक पुन्हा उतरवता येतं, फोटो येत नाही.

मग सेटिंग्जमधून स्टोरेज आणि तिथून अ‍ॅप्सची यादी काढली. ६४ जीबीच्या फोनमध्ये एकट्या यूट्यूबने १८ जीबी घेतले होते. त्या नावावर बोट ठेवलं की दोन आकडे वेगळे दिसतात, डेटा आणि कॅशे. कॅशे जेमतेम अर्धा जीबी होता, बाकी सगळा डेटा. डाउनलोड केलेली नाटकं असतात ती या डेटात. अ‍ॅप त्यांना कुलूपबंद करून स्वतःच्या फोल्डरात ठेवतं, म्हणून ती ना गॅलरीत दिसतात ना फाइल मॅनेजरात. 'Clear cache' कितीदा दाबलं तरी त्यांना धक्का लागत नाही.

शेजारचं 'Clear data' दाबलं की मात्र सगळंच जातं. नाटकं जातात, सोबत अ‍ॅपमधली सेटिंगंही जातात. गाण्यांच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये खातंही बाहेर पडतं. मग पासवर्ड आठवत नाही, ओटीपी मुलाच्या नंबरवर येतो आणि मुलगा मुंबईत. धक्क्यावर उभं राहून हे बटण दाबू नये. आयफोनवाल्यांची फसगत उलट होते. तिथे 'Offload App' केलं की अ‍ॅप जातं, पण त्याचा डेटा, म्हणजे उतरवलेलं सगळं, तसंच राहतं.

योग्य जागा अ‍ॅपच्या आतच आहे. यूट्यूबमध्ये आपल्या पानावरच्या डाउनलोडच्या यादीत गेलो. नऊ दशावतारी नाटकं, एकेक तीन तासांचं, ७२० पीमध्ये उतरवलेलं, प्रत्येकी पावणेदोन ते दोन जीबी. "ह्यातली बघितलेली खयची, काकानू?" सहा निघाली. प्रत्येकासमोरचे तीन ठिपके दाबून ती काढली. स्टोरेजचा आकडा दहा-अकरा जीबीने उतरला. आकडा हलला नाही तर एकदा सेटिंग्ज बंद करून परत उघडावं, जुनाच आकडा समोर राहिलेला असतो.

इथेच थांबलं असतं तर आठवड्यात फोन पुन्हा भरला असता. कारण यादीत त्यांनी न मागितलेले व्हिडिओही होते. प्रीमियम खात्यात 'Smart downloads' चालू असलं की घरच्या वायफायवर अ‍ॅप आपल्याच मनाने व्हिडिओ उतरवतं. ते बंद केलं. उतरवायचा दर्जा ३६० पीवर आणला. सहा इंची पडद्यावर, त्यातही हलत्या बोटीत, संकासुराचा मुखवटा तेवढ्यात नीट दिसतो.

गाण्यांचं गणित सोपं. स्पॉटिफायवर ३२० केबीपीएसला मिनिटाला २.४ एमबी लागतात, १६०ला निम्मे. पण दर्जा बदलल्याने आधी उतरवलेली गाणी लहान होत नाहीत. ती काढून परत उतरवावी लागतात. सगळीच काढायची असतील तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये 'Remove all downloads' आहे. त्याने प्लेलिस्ट जात नाही, फक्त फोनमधली प्रत जाते. हे सांगितलं की लोकांचा जीव भांड्यात पडतो.

शेवटचं काम मी दुकानातच करून घेतलं. फोन एरोप्लेन मोडवर टाकून उरलेली तिन्ही नाटकं मिनिटभर चालवून बघितली. महिनाभर इंटरनेट मिळालं नाही तर उतरवलेली प्रत यादीत दिसते पण चालत नाही. त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर यूट्यूब आणि गाण्यांचं अ‍ॅप एकदा उघडा, एवढं तांडेलांना बजावलं. त्यांनी मुलीचा फोटो वॉलपेपरला लावून घेतला आणि गेले.