सत्तावीस तारीख

शाळेत आजारी पडायचीही एक पद्धत होती, हे कॅडेट्सना सांगायला नको. पीटीला फॉल-इन होण्याआधी सिक रिपोर्टमध्ये नाव द्यायचं, मग एमआय रूम. पीटी संपल्यावर "सर, ताप होता" म्हणणाऱ्याचं काय होत असे, तेही सर्वांना ठाऊक आहे. जबलपूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आलो आणि मी नेमकी तीच चूक केली.

५ सप्टेंबर २०२४, गुरुवार. मटेरियल्सच्या लॅबमध्ये आमच्या बॅचने जॉमिनी चाचणी केली. १०० मिमी लांब, २५ मिमी व्यासाचा पोलादी दांडा भट्टीत लालबुंद तापवायचा, उभा टांगायचा आणि फक्त खालच्या टोकावर पाण्याची धार सोडायची. खालचं टोक झटक्यात थंड होतं, वरचं सावकाश. मग दांड्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू किंचित घासून सपाट करायच्या आणि टोकापासून वर वर कठीणपणा मोजत जायचं. एका बाजूची मोजणी त्याच दिवशी झाली. दुसरी बुधवारी, ११ तारखेला करायची होती. रिपोर्टची मुदत १२ तारीख.

१० तारखेच्या रात्री ताप चढला. डेंग्यू. ११ ते १६ इस्पितळात काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी २० तारखेपर्यंत विश्रांती लिहून दिली.

१७ तारखेला, अनंत चतुर्दशीला, खोलीवर बसून सरांना मेल लिहायला घेतली. पहिला मसुदा दीड पानाचा झाला. प्लेटलेट्स किती उतरल्या, सलाइन किती लागलं, आई नाशिकहून कशी धावत आली, सगळं त्यात होतं. शेवटी "लवकरात लवकर रिपोर्ट देईन". आणि मध्येच एक वाक्य, "आजारपणामुळे त्या आठवड्यात काहीच लिहिता आलं नाही."

घरमालक काका गन कॅरेज फॅक्टरीत तपासणी विभागात होते, आता निवृत्त. त्यांनी मसुदा वाचला आणि विचारलं, "ताप कधी आला?"

"दहाला, रात्री."

"मग पाच ते दहा काय करत होतास?"

गणपती बसले होते. मी मंडळात होतो. वही उघडलीही नव्हती. सर्टिफिकेट ११ तारखेपासूनचं होतं आणि सर तारखा वाचणारे आहेत. पण ते वाचणार नसते, तरी ते वाक्य खोटंच होतं. मी ते खोडलं.

तारखेवरूनही काकांनी अडवलं. "लवकरात लवकर म्हणजे किती? त्यांना वहीत काय लिहायचं?" मी म्हटलं, २१. "मशीन २१ ला मिळणार आहे का?" नव्हतं मिळणार. आमच्या बॅचला यंत्र फक्त गुरुवारी. १९ चा गुरुवार विश्रांतीत जात होता. पुढचा २६. मोजणी करून आलेख काढायला एक दिवस. म्हणजे २७. तारीख अशी मागून मोजत यावी लागते, हे मला तेव्हा कळलं.

मेल इंग्रजीत गेली. तिचा मराठी मजकूर असा:

"विषय: जॉमिनी चाचणीचा रिपोर्ट, मुदत १२ सप्टेंबर, उशिरा सादर.

आदरणीय सर, डेंग्यूमुळे मी ११ ते १६ सप्टेंबर इस्पितळात होतो आणि २० पर्यंत विश्रांती सांगितली आहे. सर्टिफिकेट जोडलं आहे. त्याआधीच्या पाच दिवसांत मी लिखाण सुरू केलं नव्हतं, ती चूक माझी. मुदतीपूर्वी आपल्याला कळवायला हवं होतं, तेही राहिलं.

पहिल्या बाजूच्या मोजणीपर्यंतचा रिपोर्ट सोबत आहे. दुसरी बाजू आणि निष्कर्ष बाकी आहेत. २६ च्या गुरुवारी मोजणी करून पूर्ण रिपोर्ट शुक्रवार, २७ सप्टेंबर, सायंकाळी ५ पर्यंत देण्याची परवानगी मिळावी."

प्लेटलेट्स नाहीत, आई नाही. आजाराचं नाव लिहिलं ते माझ्या मर्जीने. सर्टिफिकेटवर तारखा असल्या की तेवढंही पुरतं. पाठवण्याआधी दोन्ही फाइली उघडून बघितल्या, आणि बरं झालं, कारण एकीत मित्राचाच रिपोर्ट निघाला!

मुदतीपूर्वी कळवण्याचं मात्र मनाला लागून राहिलं. ११ तारखेला इस्पितळात फोन माझ्या हातात होता. दोन ओळी पुरल्या असत्या. त्यावर मी मंडळाच्या ग्रुपवर फोटो पाहत होतो.

सरांचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं: "२६ ला यंत्र दुरुस्तीला जातंय. २५ ला दुपारी ३ ला या. २७ ठीक."

२५ ला गेलो. दांडा माझ्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवलेला होता. टोकाशी कठीणपणा चांगला भरला, थोडं वर जाताच झपाट्याने उतरला. दोन्ही बाजूंचे आकडे जवळपास जुळले. २७ ला दुपारी ४ वाजता रिपोर्ट दिला. सरांनी उशिराचे गुण कापले नाहीत. एक गुण कापला, तो आलेखाच्या आडव्या अक्षावर 'मिमी' लिहायचं राहिलं म्हणून.