दोनशेचं चलन, एकशे ऐंशी नग

भोसरीच्या आमच्या कारखान्यात मी स्टोअरचा इनचार्ज झालो आणि लगेच एक स्टोअर असिस्टंट घ्यायचं काम माझ्याकडे आलं. तोवर आमच्याकडे मुलाखत म्हणजे चहा, "गाव कुठलं?" आणि शेवटी "वाटतोय बरा."

एचआरच्या मॅडमनी विचारलं, "या माणसाने रोज करायचं काय?" माल मोजायचा, जीआरएन करायचा, साठा जुळवायचा. प्रश्न त्यातूनच काढले. सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. गाव, लग्न, मुलंबाळं हे विषय बंद. महिनाअखेरीला उशिरापर्यंत थांबाल का, हे मी फक्त बायकांना विचारणार होतो. मॅडम म्हणाल्या, पुरुषांनाही विचारा. नाही म्हणाला तो एक पुरुषच.

मुख्य प्रश्न असा: चलनावर २०० नग आहेत, मोजले तर १८० भरले, ड्रायव्हर घाई करतोय. काय कराल?

कुठल्या उत्तराला किती गुण, हे आधीच लिहून ठेवलं. सही करून गाडी सोडली, तर १. पुन्हा मोजून साहेबांना फोन केला, तर ३. पुन्हा मोजून चलनाच्या दोन्ही प्रतींवर २० कमी असं लिहिलं, ड्रायव्हरची सही घेतली, जीआरएन १८० चाच केला आणि परचेसला कळवलं, तर ५. मधल्यांना २ किंवा ४.

मी आणि प्रॉडक्शनचे सुपरवायझर, दोघांनी गुण वेगवेगळे लिहायचे, तेही उमेदवार बाहेर गेल्यावर लगेच. त्याआधी एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही. हे मला जरा शाळकरी वाटलं होतं.

एक मुलगा अडखळत बोलला. मी ४ दिले, त्यांनी २. "बोलता येत नाही त्याला," ते म्हणाले. आम्ही टिपणं काढली. मोजणं, नोंद, सही, जीआरएन सगळं त्याने सांगितलं होतं. परचेस तेवढं राहिलं होतं. त्यांनीच २ खोडून ४ केले.

दुसरा फर्ड्या इंग्रजीत "सिस्टिमॅटिकली हँडल करेन" म्हणाला. मी खूश. पण "म्हणजे आधी काय कराल?" हा उपप्रश्न सगळ्यांसाठी ठरलेला होता. त्यावर तो म्हणाला, "सही करून गाडी सोडेन, मग मेल टाकेन." म्हणजे १.

शेवटी सर्वात वरच्या दोन उमेदवारांच्या बेरजेत एका गुणाचा फरक राहिला. एवढ्याशा फरकावर माणूस निवडणं मला पटेना. दोघांना वेगवेगळं बोलावून बोल्टचा एकच बिन मोजायला दिला आणि बिन कार्डाशी ताळा करायला सांगितला. एकाने आकडा जुळवून दाखवला. दुसऱ्याने आकडा जुळत नाही हे सांगितलं, आणि कार्डावर चढवायची राहिलेली इश्यू स्लिप शोधून काढली. त्याला घेतलं.

गुणांचे कागद फाइलला लावले. न निवडलेल्या एकाचा फोन आला, "माझं काय चुकलं?" कागद समोर धरून मी त्याला चलनाचं सांगितलं.