आमच्या जाहिरातीतला एक ‘असावा’

मी एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. आज लिहितोय ते स्वतःच्याच चुकीबद्दल.

दोन महिन्यांपूर्वी आम्हाला दोन माणसं हवी होती. वसुली अधिकारी एक आणि काउंटरला क्लार्क एक. जाहिरात मीच लिहिली. लिहिली म्हणजे काय, जुनी फाईल काढली आणि तारीख बदलली.

“वसुली अधिकारी : होतकरू, धडाडीचा तरुण. पदवीधर असावा. वय २१ ते ३०. स्वतःची मोटरसायकल असावी. वेळेचे बंधन न मानणारा. काउंटर क्लार्क : हसतमुख, नीटनेटकी, टायपिंग येणारी. अविवाहित मुलींना प्राधान्य.”

प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली. संध्याकाळी आमच्या पिग्मी गोळा करणाऱ्या ताई पैसे भरायला आल्या. अकरा वर्षं बाजारपेठेत स्कूटीवर फिरतात. कोणत्या दुकानदाराचा धंदा बसलाय, कोण नुसताच रडतोय, हे आमच्या कर्ज समितीपेक्षा त्यांना जास्त कळतं. त्यांनी बोर्ड वाचला आणि हसत म्हणाल्या, “दादा, दोन जागा आहेत, पण माझी एकपण नाही.”

मी म्हणालो, “अहो, कोणी नाही म्हटलंय? करा की अर्ज.”

“तरुण असावा म्हटलंय ना. मी कुठनं तरुण? आणि खाली मुलगी पाहिजे, ती पण बिनलग्नाची.”

त्या स्लिप घेऊन गेल्या. मी मात्र बोर्डासमोर उभा राहिलो.

सुधा मूर्तींचा किस्सा आपण सगळ्यांनी वाचलाय. १९७४ च्या सुमाराची टेल्कोची जाहिरात, महिलांनी अर्ज करू नये अशी त्यात तळटीप, मग त्यांनी जेआरडींना पाठवलेलं पोस्टकार्ड, पुण्यात मुलाखत आणि नोकरी. वाचताना वाटतं, काय तो काळ होता! पण त्या जाहिरातीत निदान स्पष्ट लिहिलं होतं. भांडायला एक वाक्य होतं. आमच्या जाहिरातीत ‘बायकांनी येऊ नये’ असं कुठंच नव्हतं. ते काम ‘असावा’ने गुपचूप केलं होतं.

भरतीत स्त्री-पुरुष भेद करू नये हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातही होतं आणि आताच्या वेतन संहितेच्या कलम ३ मध्येही आहे. तेव्हा हा निव्वळ सौजन्याचा मामला नाही.

रात्री जाहिरात परत लिहायला बसलो. पहिला प्रयत्न सगळे करतात तोच. ‘पदवीधर असावा/असावी, मानणारा/मानणारी’. वाचायला वैताग, वर पेपरवाला शब्दावर पैसे घेतो. आणि जो स्वतःला दोन्हींत धरत नाही तो बाहेरच.

मग लक्षात आलं की वाट मराठीतच आहे. ‘उमेदवार पदवीधर असावा’ म्हटलं की क्रियापद उमेदवाराच्या मागे जातं आणि उमेदवार पुरुष होतो. पण ‘उमेदवाराला दुचाकी चालवता यावी’ म्हटलं की ‘यावी’ दुचाकीच्या मागे जातं. ‘उमेदवाराने कर्जदारांना भेटी द्याव्यात’, इथं ‘द्याव्यात’ भेटींसाठी. माणूस कोण, हे वाक्य विचारतच नाही. त्याहून सोपं म्हणजे ‘आवश्यक’. ‘बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक.’ किंवा सरळ वाचणाऱ्याशी बोला, ‘तुम्ही रोज दहा-बारा खातेदारांना भेटाल.’ ‘भेटाल’ला लिंग नाही. एकही तिरकी रेघ लागली नाही.

क्रियापदं झाली, आता विशेषणं. ‘धडाडीचा’ म्हणजे आम्हाला नेमकं काय हवं होतं? थकबाकीदारासमोर न चिडता बसणं आणि हप्त्याची तारीख घेऊन उठणं. मग तेच लिहिलं. काउंटरला ‘हसतमुख, नीटनेटकी’ म्हणजे काय? रोकड बरोबर मोजणं आणि गर्दीतही खातेदाराला नीट उत्तर देणं. तेही लिहिलं. ‘अविवाहित’ला मात्र दुसरा शब्दच सापडेना, कारण त्यामागे काम नव्हतं. लग्न झालं की पोरगी सोडून जाईल ही आमची भीती होती. ती ओळ काढून टाकली.

इथपर्यंत भाषा साफ झाली आणि मी खूश. मग सहज ताईंना डोळ्यासमोर ठेवून जाहिरात वाचली. वय २१ ते ३०. ताई ३८ च्या. पदवीधर. ताई बारावी. म्हणजे व्याकरण शंभर टक्के निर्दोष आणि दार तसंच बंद! पोरं शाळेत जायला लागल्यावर जी बाई कामाला बाहेर पडते, तिला ३० ची अट आपोआप गाळते. त्यासाठी ‘पुरुष’ हा शब्द लागत नाही. तिशीची अट का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, जुन्या फाईलकडेही नव्हतं. वसुलीला पदवी कशाला, याचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांसमोर कागद ठेवला. ते म्हणाले, “व्यवस्थापक, बाई माणूस रात्री वसुलीला कशी जाणार?”

मी म्हणालो, “साहेब, रात्री जायचंच कशाला? बँकांच्या वसुलीवाल्यांना रिझर्व्ह बँकेने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोनसुद्धा करायला बंदी केली आहे. तो नियम पतसंस्थेला लागू नसेल, पण रात्री आठला दारात उभं राहणं आपल्याला तरी शोभतं का?” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वेळ लिहा मग.”

शेवटी छापली ती अशी :

“वसुली अधिकारी, १ जागा. बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक. वसुली किंवा ठेव संकलनाचा किमान ३ वर्षांचा अनुभव. दुचाकीचा परवाना आवश्यक, पेट्रोल भत्ता मिळेल. तुम्ही रोज दहा-बारा खातेदारांना भेटाल आणि हप्त्यांची नोंद ठेवाल. वेळ सकाळी १० ते ६. काउंटर क्लार्क, १ जागा. पदवी व मराठी टायपिंग आवश्यक. रोकड मोजणे, पावती देणे, खातेदारांच्या शंका सोडवणे हे काम. दोन्ही जागांसाठी कोणीही अर्ज करू शकते.”

गेल्या भरतीत वसुलीसाठी एकाही बाईचा अर्ज नव्हता. या वेळी चार आलेत, त्यात ताईंचा एक. काउंटरसाठी दोन मुलांनी अर्ज केलाय, तेही पहिल्यांदाच. एकाने फोन करून विचारलं, “सर, मुलगा चालेल ना?” म्हणजे आमच्या जुन्या जाहिरातीने त्यालाही इतकी वर्षं बाहेरच ठेवलं होतं.

मुलाखती येत्या गुरुवारी आहेत. कोणाची निवड होईल सांगता येत नाही. अनुभवात ताईंच्या तोडीचा एक गडी आहे. पण जाहिरातीतून काढलेलं वाक्य मुलाखतीत तोंडी परत येऊ शकतं, हे मला माहीत आहे. “घरचे सोडतील का?” हा प्रश्न आमच्या समितीत दरवेळी निघतो आणि दरवेळी फक्त बायकांसाठी निघतो. म्हणून सहा प्रश्न आधीच लिहून ठेवलेत, सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने. घराचा प्रश्न त्यात नाही.

तुमच्या ऑफिसात, दुकानात ‘पाहिजेत’चा बोर्ड असेल तर एकदा जाऊन वाचा. अकरा वर्षं तुमच्यासाठी राबणाऱ्या एखाद्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून वाचा. त्याला किंवा तिला त्या कागदावर जागा आहे का, ते बघा.