डबे, चिठ्ठ्या आणि न थांबणारा प्रोग्राम

सुरतच्या डिंडोलीत दुसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटरच्या मुलांची शिकवणी घ्यायला लागले, तेव्हा ॲरे आणि लिंक्ड लिस्टसाठी उदाहरण शोधावं लागलं नाही. इथल्या कितीतरी घरांचं गाव नंदुरबार, धुळे नाहीतर जळगावकडचं. जळगावचा फाटा शेजारच्या उधन्याहूनच फुटतो. म्हणजे रेल्वे सगळ्यांच्या ओळखीची.

ॲरे म्हणजे स्लीपरचा एक डबा. एकेका कप्प्यात आठ बर्थ. ४१ नंबर हवा, तर पहिल्या पाच कप्प्यांतले ४० बर्थ सोडायचे. सहाव्यातला पहिला, खालचा, तो आपला. कोणाला विचारायची गरज नाही, हिशेबानेच सापडतो. ॲरेचंही तसंच. सुरुवातीचा पत्ता १००० आणि प्रत्येक संख्येला ४ बाइट, तर `a[3]` चा पत्ता १०००+३×४, म्हणजे १०१२. लिंक्ड लिस्ट म्हणजे मात्र अख्खी गाडी: डब्याला डबा जोडलेला, इंजिनापासून एकेक ओलांडत जायचं, मध्ये नवा डबा घालायचा तर फक्त जोड बदलायची. मुलं खूश, मीही खूश.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, डबे तर एकमेकांना चिकटूनच उभे असतात. मग पुढच्याचा पत्ता कशाला ठेवायचा? आणि मी प्लॅटफॉर्मवरून थेट एस-५ मध्ये चढतो की!"

मला काही सुचेना. पोरगा बरोबर बोलत होता. गाडीचे डबे सलग असतात आणि लिंक्ड लिस्टचे नोड मेमरीत कुठेही पडलेले असतात, हाच तर मूळ फरक, आणि माझं उदाहरण नेमका तोच झाकत होतं. शेवटी गाडीच मोडली. एक डबा उधन्याला, एक अमळनेरला, एक नंदुरबारला उभा आहे असं धरायचं. प्रत्येकात एक चिठ्ठी, तिच्यावर पुढचा डबा कुठे आहे ते. इंजिनाकडे फक्त पहिल्याचा पत्ता. शेवटच्या चिठ्ठीवर `NULL`. प्लॅटफॉर्म काढून टाकला, तशी थेट चढण्याची सोयही गेली.

तरी खरं शिकवणं वहीतल्या ट्रेसिंगनेच झालं. नोड २०० मध्ये १०, ३४० मध्ये २०, १२० मध्ये ३०, याच क्रमाने जोडलेले. `p` मध्ये २००. नवा नोड `n` ५६० वर, त्यात १५. तो १० नंतर घालायचा. अर्ध्या वर्गाने लिहिलं:

```c
p->next = n;
n->next = p->next;
```

वाचताना काहीच खटकत नाही. म्हटलं, प्रत्येक ओळीनंतर चिठ्ठीवरचा आकडा लिहा. पहिल्या ओळीनंतर २०० च्या चिठ्ठीवर ३४० खोडून ५६० आलं. दुसरी ओळ ५६० च्या चिठ्ठीवर काय लिहिणार? `p->next`, म्हणजे आता ५६०! डब्याने स्वतःचाच पत्ता धरला. यादी छापायला गेलं तर १०, १५, १५, १५... कंट्रोल-सी दाबेपर्यंत थांबणार नाही. ३४० आणि १२० मेमरीत शाबूत आहेत, पण ३४० चा पत्ता आता कुठल्याच चिठ्ठीवर नाही. दोन ओळींची अदलाबदल करा: आधी ५६० वर ३४०, मग २०० वर ५६०. झालं काम.

ॲरेत याच रोगाचा भाऊ भेटला. १०, २०, ३०, ४० मध्ये १० नंतर १५ घालायचं आणि पुढे एक जागा रिकामी आहे. पुढून सरकवायला गेलात तर २० हा ३० वर बसतो, तोच पुन्हा ४० वर, आणि शेवटी रिकाम्या जागेतही. हाती येतं १०, १५, २०, २०, २०. मागून सुरुवात करायची: आधी ४०, मग ३०, मग २०. दोन्हीकडे चूक एकच, जे अजून लागणार आहे ते आधीच पुसलं.

तरीही "लिंक्ड लिस्टमध्ये घालणं झटपट" हे पाठ केलेलं वाक्य मला आता खुपतं. झटपट, पण `p` हातात असेल तर. हजाराव्या नोडनंतर घालायचं तर आधी तिथवर चालत जावं लागतं. शिवाय ४ बाइटच्या संख्येसोबत चिठ्ठीचं ओझं असतं. आजच्या ६४ बिटच्या मशीनवर असा नोड सहसा १६ बाइटचा होतो.

हे शिकवणाऱ्यांना एक विनंती: फळ्यावर नोडना १००, ११६, १३२ असे ओळीने पत्ते देऊ नका. मुलं लगेच `p = p->next` ऐवजी `p++` लिहितात, आणि फळ्यावर ते बरोबरही दिसतं.