अर्धवट पाटीवरचा पत्ता

आत्यानं वडिलांचा एक जुना फोटो पाठवला. फोटो कसला, कुणाच्या तरी मोबाईलवरचा स्क्रीनशॉट. वडील मोटारसायकलला टेकून उभे, मागं पांढरा फुटलेला कापूस आणि डोक्यावर अंतराची पाटी. डावी-उजवी बाजू छाटलेली. वरच्या ओळीत ‘…तूर १६’, खाली ‘…लना ११’ आणि पुढचा भाग कापलेला. वडील आता नाहीत, म्हणून ती जागा मला शोधायचीच होती.

‘तूर’ म्हणजे आमचं जिंतूर की लातूर? नुसत्या नावावरून ठरेना. खालची ओळ ‘जालना’ची हे उघड होतं, आणि जालना ११ किलोमीटरवर असतं तर जवळचं म्हणून ते वरच्या ओळीत आलं असतं. म्हणजे आकडा तीन अंकी, ११० ते ११९, आणि वरच्या ओळीतलं गाव त्याहून जवळचं, म्हणून तिथले १६ पूर्णच. पाटीवर पुढं लागणारी गावं असतात, म्हणून त्यातून १६ वजा केले की दोन गावांमधलं अंतर निघतं : ९४ ते १०३. नकाशावर रस्त्यानं मोजलं तर जिंतूर ते जालना शंभराच्या आसपासच भरतं. लातूरहून जालना त्याहून कितीतरी लांब. लातूर बाद झालं.

पण जिंतूरवरून जालन्याकडं जाणारा माणूस परभणीहून आलेला असेल, औंढ्याहून किंवा येलदरीकडूनही. इथं उन्हानं मदत केली. फोटो मोठा केल्यावर वडिलांच्या मनगटावरच्या घड्याळात चार वाजून गेलेले दिसले. पाटीच्या अक्षरांवर थेट ऊन होतं. पाटीचं तोंड येणाऱ्या वाहनाकडं असतं. औंढ्याकडून येणारा पश्चिमेला जातो, त्याची पाटी पूर्वेकडं तोंड करून उभी, दुपारनंतर ती सावलीत जाते. येलदरीकडून येणारा दक्षिणेला जातो, त्याच्या पाटीचं तोंड उत्तरेला, म्हणून तीही सावलीतच. परभणीहून येणारा उत्तरेला जातो, त्याच्या पाटीचं तोंड दक्षिणेला, आणि कापसाच्या दिवसांत चार वाजता सूर्य नैर्ऋत्येला असतो. हिशेब जुळला.

मग जिंतूरपासून परभणीच्या दिशेनं रस्त्यानं १६ किलोमीटर मागं आलो. हे सरळ रेषेत मोजायचं नाही. वळणं सुटतात आणि माणूस भलत्याच शिवारात पोचतो. पाटीवरचं अंतरही वेशीपर्यंतचं नसतं, गावातल्या ठरलेल्या ठिकाणापर्यंतचं असतं, शिवाय पूर्णांकात लिहिलेलं. म्हणून एक-दोन किलोमीटरची ढिलाई धरावी लागते. तेवढ्यात बोरीचा परिसर येतो. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, “अरे, बोरीच्या बाजाराला जायचा की तो!”

नेमका खांब सापडला नाही. रस्ता रुंद झाला की जुन्या पाट्या जातात, आणि नव्या जुन्याच जागी लागतील असं नाही.

घरातले जुने फोटो पाठवताना एवढंच करा : माणूस मोठा दिसावा म्हणून कडेची पाटी छाटू नका.