जादा तास की जादा माणूस : गोठ्यातला हिशोब

बऱ्याच दिवसांपासून गोठ्यातल्या मजुरीचा हिशोब मांडायचा होता, आज सवड मिळाली. दोन गडी असताना काम वाढलं तर त्यांनाच रोज जादा तास द्यायचे, की संध्याकाळपुरता एक माणूस वाढवायचा? आमच्याकडं हा प्रश्न जानेवारीत आला. एकामागोमाग आठ गायी व्याल्या आणि धारेच्या गायी १४ वरून २२ झाल्या.

आधी कामाची वाटणी सांगतो. सकाळच्या धारेला मी आणि घरचे हाताशी असतो, त्यामुळं सकाळ निभते. अडचण संध्याकाळची. मशिनच्या दोन बादल्या चालतात. कास धुणं, पहिल्या धारा काढून बघणं, कप लावणं, काढल्यावर सड बुडवणं, असं सगळं धरून एका फेरीला दहा मिनिटं. १४ गायींना सात फेऱ्या म्हणजे सव्वा तासाच्या आत काम उरकायचं. २२ गायींना ११ फेऱ्या म्हणजे जवळपास दोन तास. शिवाय जादा वैरण, जादा धुणं, वासरांना दूध पाजणं. मोजून पाहिलं तर दोघांना रोज दीड-दीड तास जास्त लागत होता, म्हणजे दिवसाला तीन तास.

आता पैसे. गड्याचा पगार महिना १८,००० रुपये, म्हणजे दिवसाला ६०० आणि आठ तासांनी भागलं तर तासाला ७५. गावाकडं बरेच जण जादा तासही ह्याच दरानं धरतात. तसं धरलं तर महिन्याच्या ९० तासांचे ६,७५० होतात. पण वेतन संहिता, २०१९ मध्ये जादा कामाला नेहमीच्या किमान दुप्पट दर सांगितलाय. तासाला १५० धरले की तेच ९० तास १३,५०० ला पडतात.

दुसरी बाजू. वस्तीवरची एक ताई संध्याकाळी तीन तास यायला तयार झाली. रोज २५० रुपये आणि घरी न्यायला एक लिटर दूध, त्याचे ३५ धरा. शिकवायचे पहिले बारा दिवस तिला मजुरी द्यायची आणि गड्यांचे जादा तासही चालू ठेवायचे, कारण तेवढ्या दिवसांत ती कामाला आली तरी हाताखालीच असते. ते ३,००० रुपये वर्षभरावर पसरले की महिन्याला २५० येतात. म्हणजे सगळं धरून महिन्याला ८,८०० च्या आसपास, दिवसाला २९३.

ह्या २९३ ला जादा तासाच्या दरानं भागलं की उत्तर हातात येतं. दुप्पट दरानं दोन तास येतात. म्हणजे सगळ्यांचं मिळून जादा काम दिवसाला दोन तासांच्या आत असेल, तर ओव्हरटाइम स्वस्त. तासाभराच्या कामासाठी कुणी पायपीट करत येत नाही, आलं तरी २०० च्या खाली घेत नाही. दोन तासांच्या वर गेलं की माणूस स्वस्त. साध्या ७५ च्या दरानं मात्र हीच रेघ चार तासांजवळ जाते. म्हणूनच सपाट दरानं देणाऱ्याला ओव्हरटाइम नेहमी परवडल्यासारखा वाटतो.

पण वहीत न दिसणारी गोष्ट पुढं आहे. ताई मिळेपर्यंत पाच आठवडे आम्ही दुप्पट दरानं जादा तास चालवले. गडी खूश होते, पैशाची त्यांनाही गरज होती. पण पहाटे पावणेपाचला गोठ्यात आलेला माणूस रात्री सव्वाआठला सुटतो, आणि दुपारची विश्रांती धरली तरी झोप कमी पडतेच. थकलेला माणूस काम सोडत नाही, कामातली एखादी पायरी सोडतो. ती कोणती, हे सड बुडवायच्या औषधावरून कळलं. एका गाईला एका वेळी साधारण १० मिली लागतं. २२ गायी, दोन वेळ, म्हणजे दिवसाला ४४० मिली. पाच लिटरचा कॅन अकरा दिवसांत संपायला हवा. आमचा सोळा दिवस पुरला! म्हणजे तीनातल्या जवळपास एका वेळी सड बुडवायचे राहत होते.

रांगेतल्या शेवटच्या गायींकडं बघितलं तर आणखी एक दिसलं. गडी एका गाईची कास धूत असताना दुसरीचे कप रिकाम्या सडावर तसेच चालू राहत. अशानं सडाच्या टोकाला पांढरट, खरबरीत कडं येतं आणि तिथून मस्टायटिसला वाट मिळते. चौथ्या आठवड्यात सीएमटी केली, तर तीन गायींच्या दुधात गाठी धरल्या. त्यातली एक कास सुजून उपचारावर गेली. उपचार आणि त्यानंतर दूध बाजूला काढायचे मिळून सात दिवस, रोजचं १२ लिटर, दर ३४. दूधच २,८५६ रुपयांचं गेलं, औषध-डॉक्टर वेगळं. सपाट दरानं ओव्हरटाइम दिला तर ताईच्या मानानं महिन्याला २,०५० वाचतात. एका गाईच्या एका दुखण्यात ते गेले.

आमचा मोठा गडी तेव्हा म्हणाला, "दादा, पैसं कमी द्या एकवेळ, पण धार पावणेसातच्या आत उरकू द्या. संकलनाची गाडी चुकली की सगळी धावपळ वाया जाते." त्याचं बरोबर होतं. ओव्हरटाइमनं कामाचे तास लांबतात. दुसरा माणूस आला की तेच तास शेजारीशेजारी बसतात. आमच्या व्हॅक्यूम पंपाची ताकद तीन बादल्यांची होती, हात दोनच होते. ताई तयार झाल्यावर तिसरी बादली चालू केली. ११ फेऱ्यांच्या आठ झाल्या आणि पाचला लागलेली धार सव्वासहाला, साडेसहाला संपायला लागली. पंप दोनच बादल्यांचा असेल तर हा फायदा निम्माही मिळणार नाही, हे आधी तपासा.

नवीन माणसाला थेट मशिनवर घालू नका. अनोळखी हात लागला की गाय पान्हा चोरते. ताईनं पहिला आठवडा फक्त खुराक टाकला आणि कासा धुतल्या, म्हणजे गायींना तिचा वास आणि आवाज ओळखीचा झाला. मग शांत चार गायी तिच्याकडं दिल्या. पहिलटकरू अजूनही जुन्या गड्याकडंच आहेत.

आता गायी आटतील तसं काम कमी होईल. पुढं धारेच्या गायी १६-१७ वर आल्या की जादा काम तासाभरावर येईल, आणि तेवढ्यासाठी ओव्हरटाइम बरा. ताईला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, शिवाय गड्यांच्या सुट्टीला आणि जत्रेला बदली म्हणून तिलाच बोलवायचं ठरलंय. गड्यांशीही जादा तासांचं बोलणं करताना "इतक्या तारखेपर्यंत" असं सांगितलं होतं. नाहीतर महिन्याला येणारे पैसे माणूस पगारातच धरतो आणि बंद केले की पगार कापल्यासारखं होतं.

वैरण कापणं, शेण ओढणं, गोठा धुणं ही कामं तासभर मागंपुढं झाली तरी चालतात, तिथं जादा तास देऊन भागतं. धारेचं तसं नाही, तिला वेळ ठरलेली आहे. तुमच्याकडं हिशोब करायचा असेल तर आठवडाभर फक्त दोन गोष्टी लिहा : धार किती वाजता संपली, आणि सडाच्या औषधाचा कॅन किती दिवस पुरला.